मदत हवी: थर्ड पार्टी विमा असूनही मलाच कोर्टाची नोटीस

सांगलीकर_७७
माझ्या बाईकने अपघात झाला, पादचारी आजोबांचा पाय मोडला. थर्ड पार्टी चालू आहे. तरी अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस माझ्या नावाने! कंपनी बघून घेईल ना? लवकर सांगा, तारीख जवळ आलीय.

बिनधास्त_बंड्या
टेन्शन नको. माणसाच्या इजेला मर्यादाच नसते, कितीही लाख होवोत, कंपनीच भरते.

वकीलकाकू
गाडी कोण चालवत होतं? लायसन्स? मागे कोणी होतं का?

सांगलीकर_७७
भाचा. लायसन्स आहे की! मागे त्याचा मित्र होता, त्याचा हात फ्रॅक्चर.

वकीलकाकू
विनागिअरचं की गिअरचं?

सांगलीकर_७७
विनागिअर... बाईक स्प्लेंडर आहे.

वकीलकाकू
मग कंपनी पॉलिसीच्या अटीवर बोट ठेवणार. आजोबांचे पैसे बहुधा अडणार नाहीत. अशा वेळी प्राधिकरण सहसा सांगतं, कंपनीने आधी भरावे, मग मालकाकडून वसूल करावे. समजा 4 लाख ठरले, तर ते पुढे तुमच्याकडे मागितले जातील. मात्र नुसतं चुकीचं लायसन्स दाखवून भागत नाही. मालकाने जाणूनबुजून गाडी दिली आणि त्या चुकीच्या लायसन्सचा अपघाताशी संबंध होता, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. सुप्रीम कोर्टाचा स्वर्ण सिंग निकाल, 2004.

बिनधास्त_बंड्या
म्हणजे मी म्हटलं तेच, कंपनीच भरते.

वकीलकाकू
भरते आणि वसूलही करते, बंड्या. शिवाय मागे बसलेला मित्र फक्त थर्ड पार्टीत येत नाही. त्याच्यासाठी वेगळा हप्ता भरलेला लागतो. त्याने दावा लावला तर तो भार तुमच्यावर आणि भाच्यावर.

मीनल_ठाणे
माझ्या कारला झिरो डेप विमा आहे, बंपर फुकटात बदलून मिळाला. तुम्हीही घ्या.

सांगलीकर_७७
ताई, माझी बाईक आहे, आणि अपघात होऊन गेलाय! पुढचा फोर्क वाकलाय, तो खर्च?

वकीलकाकू
तो तुमचाच. वडापावच्या गाड्याबिड्याचं नुकसान झालं असतं, तर दुचाकीच्या विम्यातून गाडेवाल्याला 1 लाखापर्यंत मिळालं असतं. हप्ता वाचवायला ती मर्यादा 6,000 वर आणली नाही ना, पॉलिसीत बघा. भाच्यावर फौजदारी केस झाली तर तो दंडही विमा देत नाही.

गोट्या_काका
कंपनीचा वकील येतोच, वेगळा कशाला करायचा?

वकीलकाकू
तो वकील कंपनीचा, काका. मालकाने गाडी चुकीच्या माणसाला दिली, हेच तो सांगणार! तारखेला गेला नाहीत तर निकाल एकतर्फी. स्वतःचा वकील लावा, पॉलिसीची प्रत नेऊन लेखी म्हणणं द्या. कंपनीला कळवलंय का?

सांगलीकर_७७
नाही. भाचा म्हणतो, किल्ली खुंटीवर होती, मामाला न विचारता नेली. हे चालेल?

गोट्या_काका
चालतं की! माझ्या मेव्हण्याने तेच सांगितलं होतं.

वकीलकाकू
खरं असेल तरच सांगा. उलटतपासणीत विचारतील, याआधी किती वेळा नेली होती?

सांगलीकर_७७
...रोजच नेतो कॉलेजला.