टाकी खाली की टाकीखाली?

हिंगोलीकर: कॉलनीच्या फलकासाठी मी मजकूर दिला होता: "पाण्याच्या टाकीखाली गाड्या लावू नयेत. टाकीच्या वर मुलांना चढू देऊ नये." पेंटरने "टाकी खाली" असं तोडून रंगवलं. म्हणतो, सुटं लिहिलं की लांबून वाचता येतं. अध्यक्षही त्याच्याच बाजूचे. उलट मलाच विचारायलेत, "टाकीच्या वर" तुम्हीच तोडलं की, ते कसं चालतं?

नांदेडचा: हिंदीची सवय, दुसरं काय! "घर के सामने" वाचून वाचून लोक "घरा समोर" लिहायलेत. मराठीत सगळं जोडूनच. "टाकीच्यावर" सुद्धा.

जुना मास्तर: मग तुमचं "सुद्धा" सुटं का राहिलं? असो. हिंदीचं अर्धंच खरं. तिथं "टेबल पर" सुटं, पण "उसपर" जोडून. आपले लोक तर सर्वनामही तोडतात, "त्या मुळे". ती झाडाची मुळे झाली.
"झाडाखाली"मध्ये "झाड"चं "झाडा" होतं. "झाडा खाली" तोडलं की तो "झाडा" नुसता लोंबकळतो आणि चूक लगेच दिसते. "टाकी"चं रूप बदलत नाही, म्हणून पेंटरला काही खटकलं नाही. त्यात आपल्याकडं खाली म्हणजे रिकामीसुद्धा. "टाकी खाली बघा" म्हटलं तर वाकून बघायचं, की पाणी संपलंय का ते बघायचं?

लातूरवाली: आमची तर कायम खालीच असते हो. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, विसरलात का?

हिंगोलीकर: ताई, प्रश्न लिहिण्याचा आहे. मास्तर, "टाकीच्या वर"चं काय?

जुना मास्तर: मधे "अगदी" घालून बघा. "टाकीच्या अगदी वर" चालतं, "माझ्या अगदी समोर" चालतं. म्हणून "च्या"नंतरचे वर, खाली, समोर मी सुटे ठेवतो. "माझ्या अगदी साठी" कोणी म्हणत नाही. साठी, मुळे, पासून, कडे कायम चिकटलेले. "टाकी अगदी खाली" म्हटलं तर टाकीच खाली गेली, म्हणून तुमचं "टाकीखाली" जोडूनच.

नांदेडचा: ही कसोटी तुमच्या घरची. "त्याच्यासमोर" जोडून छापलेलं मी कितीदा वाचलंय. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत आहे का हे "अगदी"?

जुना मास्तर: ते नियम मुख्यतः अनुस्वार अन् ऱ्हस्व-दीर्घाचे. "त्याच्यासमोर"ला मी चूक म्हणत नाही. "टाकी खाली"ला म्हणतो.

बीडकर कारकून: आमच्याकडं "तहसीलदार यांचेकडे" लिहितात. मी "यांच्याकडे" केलं की साहेब कागद परत पाठवतात. ते "चे" कुठून आलं?

नांदेडचा: मोडीत तर शब्दच तोडत नव्हते. तीच लिपी परत आणा, भांडणच मिटलं.

लातूरवाली: आणि "मी पण येते" कसं लिहायचं? जोडलं तर "मीपण" होतं, म्हणजे अहंकार!