अनुभव धागा: विक्री टीमच्या वर्षारंभीच्या बैठकीत टार्गेट कसे सांगितले?

पश्चिमरेषा
नमस्कार. एका खाद्यपदार्थ कंपनीच्या मुंबईतील विक्रीची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. दादरपासून विरारपर्यंतच्या पट्ट्यात नऊ विक्री प्रतिनिधी माझ्यासोबत काम करतात आणि पुढच्या सोमवारी अंधेरीत नव्या आर्थिक वर्षाची पहिली बैठक आहे. गेल्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत आमची विक्री १ कोटी ८० लाखांची होती. यंदा वरून आलेला आकडा २ कोटी १६ लाखांचा, म्हणजे सरळ २० टक्के वाढीचा आहे. मी सात वर्षे अशा बैठकांत मागच्या रांगेत बसले आहे, त्यामुळे पडद्यावर आकडा उमटला की माणसे कशी मोबाइलमध्ये डोके घालतात हे मला ठाऊक आहे. आता तो आकडा मलाच सांगायचा आहे. ज्यांनी असे भाषण केले किंवा ऐकले आहे, त्यांनी आकडा केव्हा आणि कसा सांगितला व पुढे काय झाले, ते कृपया लिहावे.

गोदामकाका
ताई, मी चोवीस वर्षे याच धंद्यात आहे आणि त्यांतली सुरुवातीची बरीच वर्षे भाषण चुकीच्या टोकाकडून सुरू करण्यात घालवली. आधी गेल्या वर्षाचे कौतुक, मग बाजाराची परिस्थिती, मग कंपनीची स्वप्ने आणि चाळीस मिनिटांनी आकडा, अशी माझी मांडणी असे. समोरच्यांना आकडा स्टॉकिस्टकडून आधीच कळलेला असे आणि मी तो उच्चारेपर्यंत ते माझे काहीही ऐकत नसत. आता मी पहिल्या पाच मिनिटांतच आकडा सांगतो आणि उरलेला सगळा वेळ तो फोडण्यात घालवतो.

तुमचाच आकडा घ्या. वाढ ३६ लाखांची, म्हणजे महिन्याला १२ लाख. नऊ जणांत वाटली तर प्रत्येकी सुमारे १ लाख ३३ हजार आणि पंचवीस कामाचे दिवस धरले तर दिवसाला ५,३३३ रुपये. इथपर्यंत सगळेच साहेब येतात आणि थांबतात, कारण पाच हजार रुपये ऐकायला लहान वाटतात. पण आपला माणूस रुपयांत दिवस मोजत नाही, तो बिलांत मोजतो. समजा तो बीटवर रोज चाळीस दुकाने करतो आणि त्यांपैकी बावीस ठिकाणी बिल होते. गेल्या वर्षीची त्याची रोजची सरासरी विक्री २६,६६७ रुपये होती, म्हणजे एक बिल साधारण १,२१२ रुपयांचे पडले. यंदा त्याला रोज ३२,००० हवेत. पंचवीस बिले १,२८० रुपयांची झाली की बरोबर ३२,००० होतात. त्यामुळे बैठकीत मी असे बोलेन:

«आपण रोज चाळीस दुकानांच्या पायऱ्या चढतो आणि अठरा ठिकाणांहून रिकाम्या हाताने उतरतो. त्या अठरांपैकी तीन दुकानांतून मला बिल हवे आहे आणि जी बावीस दुकाने माल घेतात, त्यांच्या बिलात सरासरी अडुसष्ट रुपयांची भर हवी आहे. नवे दुकान शोधा असे मी म्हणत नाही. रोज जिथे नकार मिळतो, त्या दुकानांची यादी आज आपण इथेच बसून करू या.»

यानंतर मी तासभर खरोखरच यादी करायला लावतो आणि प्रत्येक नकारासमोर कारण लिहायला सांगतो. सर्वांत जास्त वेळा येणारे कारण म्हणजे मुदत संपलेला माल परत नेला नाही, म्हणून दुकानदार नवा माल घेत नाही. दुसरे कारण म्हणजे चालणारे छोटे पाकीट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गोदामात शिल्लकच नसते. ही दोन्ही कामे विक्रेत्याची नाहीत, तुमची आहेत. टार्गेट सांगितल्यावर लगेच त्याच भाषणात «परतीचा माल अमुक तारखेपर्यंत मी उचलवीन» असे तारखेसह सांगितले, तर लोक टार्गेटही लिहून घेतात. आणि एक गोष्ट भाषणाच्या आधीची: मार्चचा इन्सेंटिव्ह खात्यात जमा झालेला नसेल, तर तो होईपर्यंत बैठकच पुढे ढकला. मी एकदा थकबाकी ठेवून वीस मिनिटे बोललो होतो. शेवटी एकच प्रश्न आला आणि तो थकबाकीचाच होता.

ऑर्डरबुक
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी नेहमी वरच्या आकड्यात दहा टक्क्यांची उशी घालून टीमला सांगतो. माणूस स्वभावतः नव्वद टक्केच करतो, त्यामुळे टीमचे ९० टक्के झाले की कंपनीचे ९९ टक्के झालेले असतात. दोन वर्षे हे उत्तम चालले आणि वरून मला शाबासकीही मिळाली. भाषणात मी आकडा उत्साहाने सांगतो, उशीचा उल्लेख अर्थातच करत नाही.

बीटवाला
ऑर्डरबुक साहेब, त्या उशीखाली झोपलेल्यांपैकी मी एक आहे. आमच्याकडेही दोन आकडे होते आणि खरा आकडा आम्हाला चौथ्या महिन्यात कळला, कारण प्रादेशिक कार्यालयातून आलेल्या एका तक्त्यात तो चुकून तसाच राहिला होता. ज्या दोघांचे इन्सेंटिव्ह ९० टक्क्यांच्या अटीवर चार हजार रुपयांनी हुकले होते, ते खऱ्या आकड्याच्या हिशेबाने केव्हाच अट ओलांडून गेले होते. त्या दिवसानंतर आमच्या साहेबांनी कोणताही आकडा सांगितला, की आम्ही मनातल्या मनात त्यातून दहा टक्के वजा करत असू. माणूस नव्वद टक्के करतो हे तुमचे निरीक्षण खरे असेल, पण ते कदाचित उशीमुळेच खरे झाले असेल.

ताई, गोदामकाकांचा हिशेब भाषणासाठी चांगला आहे, पण तो सरासरीचा आहे आणि सरासरीवर कोणी बीट करत नाही. मी वसई-विरार करतो. एका वर्षी मे महिन्यात एका केटररने लग्नांच्या हंगामासाठी माझ्याकडून एकदाच मोठी खरेदी केली. पुढच्या वर्षी त्या खरेदीसकट माझा पाया धरला गेला आणि त्यावर सर्वांना सारखी वाढ लावली गेली. भाषणात मंचावरून माझे कौतुक होत होते, टाळ्या वाजत होत्या आणि मी मात्र त्या केटररचे दुकान अजून चालू आहे की नाही याचा विचार करत होतो. मी तेव्हा काहीच बोललो नाही. बैठकीत कोणी प्रश्न विचारला नाही तर सगळ्यांना आकडा पटला, असे कृपया समजू नका. आमचे प्रश्न जेवणाच्या रांगेत आणि परतीच्या लोकलमध्ये विचारले जातात.

निवृत्त ठेवी
मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आमच्या शाखेत मार्चमध्ये ठेवी गोळा करण्याचे उद्दिष्ट असे, तेव्हा मी प्रत्येकाला एक गुलाब आणि बटाटावडा देऊन सुरुवात करीत असे. वातावरण फार प्रसन्न राहत असे. भाषणाची भीती वाटत असेल, तर आरशासमोर तीनदा सराव करावा. बैठक रविवारी ठेवू नका, मेगाब्लॉक असतो.

गोदामकाका
निवृत्त ठेवी, मेगाब्लॉकची सूचना शंभर टक्के मान्य. एका रविवारी माझी अर्धी टीम कुर्ल्याला अडकली आणि मी आकडा दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना तो मलाही मोठा वाटला.

बीटवाल्यांचा पायाचा मुद्दा मात्र मी सोडून दिला होता, ही माझी चूक. त्याचे मोठे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडले आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्याआधी जूनभर स्टॉकिस्टांनी माल उचलणे जवळजवळ थांबवले होते, कारण जुन्या करात घेतलेल्या मालाचे नव्या पद्धतीत काय होणार, याची त्यांना धास्ती होती. साहजिकच २०१८ च्या जूनमध्ये आमची वाढ डोळे दिपवणारी दिसली आणि त्या तिमाहीच्या बैठकीत मी ती टीमची कामगिरी म्हणून सांगितली. २०१९ ला तोच जून पाया झाला आणि माझ्या सर्वांत चांगल्या दोन माणसांनी ती वाढ पुन्हा जमणार नाही म्हणून नोकरी सोडली. आता भाषणाआधी मी प्रत्येकाच्या पायातून एकदाच झालेली खरेदी काढून टाकतो आणि बैठकीत ती काढल्याचे नाव घेऊन सांगतो.

पश्चिमरेषा
सर्वांचे आभार. मी दोन दिवस बसून बीटनिहाय आकडे काढले. दादर-माहीम भागातले तिघे जुने आहेत, तिथे दुकाने भरलेली आहेत आणि वाढीला जागा कमी आहे. अंधेरी-बोरिवलीतले तिघे मध्यम. वसई-विरारमध्ये नव्या इमारती आणि नवी दुकाने असल्याने तिथले तिघे जास्त वाढू शकतात. म्हणून मी अनुक्रमे १०, २० आणि ३० टक्के वाढ ठरवली. सरासरी २० टक्केच येते, त्यामुळे आकडा जुळला असे मला वाटते.

बीटवाला
ताई, या तिन्ही गटांचा पाया सारखा आहे का?

पश्चिमरेषा
नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि पुन्हा हिशेब केला. दादरचे तिघे महिन्याला प्रत्येकी सुमारे ९ लाख करतात, मधले प्रत्येकी ७ लाख आणि विरारचे प्रत्येकी ४ लाख. म्हणजे वाढ दादरकडून २ लाख ७० हजार, मधल्यांकडून ४ लाख २० हजार आणि विरारकडून ३ लाख ६० हजार येते. एकूण साडेदहा लाख. महिन्याला दीड लाख कमी पडतात. हे भाषण झाल्यावर लक्षात आले असते, तर दुसऱ्या महिन्यात मला सगळ्यांचे आकडे वाढवावे लागले असते.

गोदामकाका
मध्येच आकडा वाढवणे हे न जमणारे टार्गेट देण्यापेक्षाही वाईट. दीड लाखाचे तीन मार्ग आहेत. विरारवर टाकलेत तर त्यांची वाढ साडेबेचाळीस टक्के होते, ती कोणी मानणार नाही. वर जाऊन आकडा कमी करून आणणे शक्य असेल तर बैठकीआधी करा, नंतर नाही. तिसरा मार्ग, कार्यालयांची कँटीन आणि केटरर ही खाती तुमच्याकडे असतील, तर दीड लाख स्वतःच्या नावावर घ्या आणि भाषणात तसे सांगा.

ऑर्डरबुक
स्वतःच्या नावावर घेणे धोक्याचे आहे. पहिल्याच महिन्यात तुमचे दीड लाख झाले नाहीत, तर टीमला न करण्याचे कारण तुम्हीच दिलेत. माझ्या उशीवर टीका झाली ती मी ऐकली, पण हेही एक प्रकारचे नाटकच आहे.

बीटवाला
नाटक तेव्हा होईल, जेव्हा ताईंचा आकडा तक्त्यात दिसणार नाही. दर सोमवारी नऊ नावांखाली दहावे नाव त्यांचे असेल, तर एखादा महिना चुकला तरी चालेल. माझी एकच विनंती आहे, प्रत्येकाचा आकडा सर्वांसमोर पडद्यावर पहिल्यांदा दाखवू नका. तो आदल्या दिवशी ज्याचा त्याला फोन करून सांगा.

गोदामकाका
इथे माझे मत वेगळे आहे. आदल्या दिवशी फोन केलात तर रात्रभर नऊ जण एकमेकांना फोन करून तुलना करतील आणि सकाळी दादर व विरार असे दोन गट समोर बसतील. दहा, वीस आणि तीस टक्के का, हे मी सर्वांसमोर एकदाच सांगेन.

पश्चिमरेषा
फोन करण्याचेच मी ठरवत आहे, पण फोनवरच कारणही सांगेन, निदान विरारच्या तिघांना तरी. मार्चचा इन्सेंटिव्ह शुक्रवारी जमा होईल असे लेखा विभागाने कळवले आहे. तो झाला नाही तर सोमवारची बैठक पुढे जाईल, हे मी आजच वर कळवून ठेवले आहे. दीड लाखाबाबत वरिष्ठांशी उद्या बोलणार आहे. त्यांनी नकार दिला, तर तक्त्यात दहावे नाव माझे असेल.