मदत हवी आहे: वेबसाइटवर फॉर्म भरला की मोबाईल लगेच वाजला पाहिजे (झॅपियर, कोडिंग येत नाही)

उद्यमनगर_वाइंडिंग

नमस्कार मंडळी. शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे आणि तिच्यावर "मोटर जळाली / पंप बंद" असा तक्रारीचा फॉर्म आहे (कॉन्टॅक्ट फॉर्म ७). नाव, गाव, मोबाईल, एचपी आणि काय झालंय, एवढंच विचारतो. फॉर्म भरला की दुकानाच्या जीमेलवर मेल येतो.

झॅपियरच्या फुकट प्लॅनवर एक झॅप केलाय. जीमेलला नवा मेल आला की टेलिग्रामच्या बॉटवरून मला मेसेज येतो. चालतं, पण उशिरा. कधी ४ मिनिटं, कधी १४. उसाला पाणी चालू असताना मोटर गेली तर शेतकरी एवढा वेळ थांबत नाही, दुसऱ्या दुकानाला फोन लावतो. शिवाय रात्री आलेला मेसेज कधीकधी थेट सकाळी फोन हातात घेतल्यावर दिसतो. हे लगेच कसं करायचं? महिन्याचा खर्च शक्यतो नको.

पन्हाळा_रोड

मालक, टेलिग्रामच्या भानगडीत कशाला पडताय? सरळ एसएमएस लावा झॅपियरमधून, नाहीतर व्हॉट्सॲप. शेतकऱ्याला लगेच "तुमची तक्रार मिळाली" असा मेसेज जाईल, तो दुसरीकडं जायचा नाही.

उद्यमनगर_वाइंडिंग

दादा, शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा नाहीये. मला स्वतःला कळायला हवं, मग मी फोन लावतो.

तार_जोडणी

एसएमएस आणि व्हॉट्सॲप या कामासाठी बाजूलाच ठेवा. सॉफ्टवेअरमधून भारतीय नंबरवर धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर नोंदणी करून हेडर आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपच्या बिझनेस एपीआयलाही, समोरच्यानं गेल्या २४ तासांत काही लिहिलेलं नसेल तर, मंजूर साचाच लागतो. स्वतःच्या खिशातला फोन वाजवायला एवढी उस्तवार नको. टेलिग्राम बरोबर आहे.

आता मूळ दुखणं. उशीर नेमका कुठं होतोय हे आधी ठरवू, नाहीतर आपण भलतीच गोष्ट दुरुस्त करत बसू. एक फॉर्म भरा आणि चार ठिकाणच्या वेळा कागदावर लिहून काढा: बटण दाबल्याची, जीमेलला मेल आल्याची, झॅपियरच्या `Zap history` मधली आणि टेलिग्राममध्ये मेसेजखाली दिसणारी. त्याआधी झॅपियरच्या सेटिंगमध्ये टाइम झोन कोलकाता आहे का बघा. तो दुसरा असेल तर वेळा जुळणार नाहीत आणि डोकं उठेल.

उद्यमनगर_वाइंडिंग

टाइम झोन खरंच वेगळा होता, बदलला. आता वेळा अशा आल्या.

दुपारी: फॉर्म १:०२, जीमेल १:०२, झॅप १:१५, टेलिग्राम १:१५, फोनही तेव्हाच वाजला.

काल रात्री: फॉर्म ११:३१, जीमेल ११:३१, झॅप ११:४०, टेलिग्राममध्येही ११:४०. पण फोन वाजलाच नाही. पहाटे ६ ला स्क्रीन चालू केल्यावर नोटिफिकेशन आलं.

तार_जोडणी

म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत. दुपारी मेल त्याच मिनिटाला पोहोचला, टेलिग्रामनंही क्षणात पाठवला, सगळा वेळ मधे गेला. झॅपियरमध्ये झॅप सुरू करणारे ट्रिगर दोन जातीचे असतात. एकात झॅपियर स्वतः ठरावीक वेळानं जाऊन "काही नवीन आहे का" असं विचारतो. जीमेलचा तुमचा ट्रिगर याच जातीचा, आणि फुकट प्लॅनवर ही फेरी १५ मिनिटांनी होते. फेरी होऊन गेल्यावर लगेच तक्रार आली तर १४ मिनिटं, फेरीच्या तोंडावर आली तर एखादंच मिनिट. म्हणून तुमचा आकडा दर वेळी बदलतो. दुसऱ्या जातीत बातमी स्वतः चालून झॅपियरकडं येते. अशा ट्रिगरच्या नावापुढं `Instant` लिहिलेलं असतं. तुम्हाला तो हवा.

रात्रीचं दुखणं झॅपियरचं नाही, फोनचं आहे. ते नंतर बघू.

शाहूपुरी_वेब

पैसे भरून वरचा प्लॅन घ्या की. मग इन्स्टंट होतं.

तार_जोडणी

अर्धं बरोबर आहे. प्रोफेशनल प्लॅनवर फेरी २ मिनिटांनी होते, पण ती फेरीच राहते. पैसे भरल्यानं ट्रिगरची जात बदलत नाही.

शाहूपुरी_वेब

हो, ते मान्य. पण कॉन्टॅक्ट फॉर्म ७ साठी वेबहुकवर पाठवणारं प्लगइन मिळतं. ते लावलं तर बातमी थेट जाईल, मेलची गरजच नाही.

तार_जोडणी

जाईल, आणि रस्ता चांगला आहे. नाव, गाव, एचपी वेगवेगळ्या रकान्यांत येतात. पण ती बातमी घ्यायला झॅपियरकडं जे `Webhooks by Zapier` लागतं ते फुकट प्लॅनवर मिळत नाही. यांना महिन्याचा खर्च नकोय, म्हणून मी मेलचाच रस्ता वापरतो, फक्त जीमेलला मधून काढतो.

झॅपियरचं स्वतःचं `Email by Zapier` आहे. त्यातला `New Inbound Email` ट्रिगर घेतला की शेवटी `@zapiermail.com` असलेला पत्ता तयार होतो. त्या पत्त्यावर मेल पडला की झॅप लगेच सुटतो, फेरीची वाट बघत नाही. फुकट प्लॅनवर एक ट्रिगर आणि एक ॲक्शन एवढंच चालतं, ते इथं पुरतं.

वर्डप्रेसमध्ये फॉर्म उघडा, `Mail` टॅबवर जा. `To` मध्ये दुकानाचा पत्ता आहे तो राहू द्या, स्वल्पविराम देऊन झॅपियरचा पत्ता जोडा. जीमेलची प्रत हातात राहिलेली बरी, झॅप कधी बंद पडला तरी तक्रार हरवत नाही.

मग खरं काम `Subject` मध्ये आहे. बंद स्क्रीनवर नोटिफिकेशनच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. तिथं "नवीन तक्रार आली आहे" असं लिहून काय उपयोग? गाव आणि एचपी आधी दिसलं पाहिजे. फॉर्ममधल्या रकान्यांची नावं gav, hp, mobile अशी असतील तर विषय आणि मजकूर असा लिहा:

```
[gav] | [hp] HP | [your-name]

+91[mobile]
[your-message]
```

पहिली ओळ `Subject` मध्ये, खालच्या दोन `Message body` मध्ये. `Use HTML content type` वर टिक नको. नंबर +91 लावून आला की टेलिग्राममध्ये त्यावर बोट ठेवून थेट फोन लावता येतो. पण त्यासाठी लोकांनी दहाच आकडे भरले पाहिजेत. कुणी आधी शून्य लावलं की +910 होतं आणि फोन लागत नाही. म्हणून फॉर्ममध्ये मोबाईलचा रकाना असा करा:

```
[tel* mobile minlength:10 maxlength:10 placeholder "आधी शून्य न लावता दहा आकडे"]
```

आता एक खरा फॉर्म भरा, मग झॅपमध्ये ट्रिगरची टेस्ट घ्या. आधी मेल पोहोचलेला नसेल तर टेस्टला काहीच सापडत नाही आणि लोक समजतात पत्ता चुकला. टेलिग्रामच्या मेसेजमध्ये वर `Subject`, त्याखाली `Body Plain` टाका. मार्कडाउन वगैरे काही निवडू नका, साधा मजकूर ठेवा. नाहीतर एखाद्यानं तक्रारीत _ किंवा * लिहिलं की टेलिग्राम `can't parse entities` म्हणून अख्खा मेसेज परत पाठवतो. शेवटी `Publish` करा आणि जुना जीमेलवाला झॅप बंद करा, नाहीतर दोनदा वाजेल.

आजरा_क्लासेस

माझं जरा वेगळं आहे. प्रवेशाचा गूगल फॉर्म आहे, वेबसाइट नाही. मलाही फोनवर लगेच हवं. हेच चालेल का?

तार_जोडणी

तुमच्या फॉर्ममधून असा मेल जात नाही, म्हणून हा रस्ता जसाच्या तसा चालणार नाही. झॅपमध्ये गूगल फॉर्म निवडल्यावर ट्रिगरच्या नावापुढं `Instant` दिसतंय का ते बघा आणि वरच्यासारख्या वेळा लिहून वेगळा धागा काढा. जॉटफॉर्म किंवा टाइपफॉर्मवर गेलात तर दोघांचेही ट्रिगर इन्स्टंट आहेत.

उद्यमनगर_वाइंडिंग

केलं. फॉर्म ४:१८, झॅप ४:१८, टेलिग्राम ४:१८! "कळे | 7.5 HP |" आणि पुढं नाव, बंद स्क्रीनवर एका नजरेत दिसतंय.

दोन अडचणी. एक, मेसेज दुकानातल्या दोन मिस्त्रींनाही जावा म्हणून टेलिग्रामवर ग्रुप केला, पण झॅप `chat not found` म्हणतोय. दोन, रात्रीचं.

तार_जोडणी

ग्रुपच्या आयडीच्या आधी वजा चिन्ह असतं. कॉपी करताना ते सुटलं की हाच एरर येतो. बॉटला ग्रुपमध्ये घेतलंय ना, तेही बघा. पुढं कधी ग्रुपचं सेटिंग बदललं आणि तो सुपरग्रुप झाला तर आयडी बदलून -100 नं सुरू होणारा होतो. चांगला चाललेला झॅप एक दिवस अचानक अडला तर आधी हे तपासा.

राजारामपुरी_मोबाईल

रात्रीचं मी सांगतो, रोज हेच बघतो. स्क्रीन बराच वेळ बंद राहिली की अँड्रॉइड मागं चालणारी ॲप झोपवतो, आणि काही कंपन्यांचे फोन यात फारच कडक असतात. टेलिग्रामवर बोट दाबून ॲप इन्फोमध्ये जा, बॅटरीत `Unrestricted` करा. ऑटोस्टार्टचा पर्याय असेल तर चालू करा. अलीकडची यादी साफ करताना टेलिग्राम उडवू नका. मग डू नॉट डिस्टर्बमध्ये टेलिग्रामला सूट द्या आणि त्या ग्रुपला वेगळा, लांब वाजणारा आवाज लावा. बाकी सगळं म्यूट असलं तरी चालेल.

तपासायची पद्धत: फोन चार्जरवरून काढा, तासभर हात न लावता ठेवा, मग दुसऱ्याच्या फोनवरून फॉर्म भरा. चार्जरवर असताना किंवा नुकताच वापरलेला असताना घेतलेली टेस्ट खोटा दिलासा देते.

शाहूपुरी_वेब

झोपेतून उठवायचं असेल तर टेलिग्रामचा एक टिंग पुरत नाही. पुशओव्हर बघा. त्यात `Emergency` पातळी आहे, "पाहिलं" असं दाबेपर्यंत वाजत राहतं. किमान ३० सेकंदांनी पुन्हा आणि जास्तीत जास्त ३ तास. ॲप ३० दिवस फुकट, मग एकदाच पैसे, महिन्याचे नाहीत.

तार_जोडणी

हे पटलं. पण प्रत्येक तक्रारीला इमर्जन्सी लावली तर चार दिवसांत तुम्हीच ती बंद कराल. दिवसा टेलिग्राम, रात्री पुशओव्हर असं वेळ बघून वाटायचं तर झॅपमध्ये जास्त पायऱ्या लागतात, आणि त्या फुकट प्लॅनवर बसत नाहीत.

आणि एक. फुकट प्लॅनवर महिन्याला १०० टास्क मिळतात. तुमच्या झॅपमध्ये एका तक्रारीला एक टास्क जातो. स्पॅम बॉट फॉर्म भरायला लागले तर शंभर एका रात्रीत संपतील आणि खऱ्या तक्रारी अडकतील, म्हणून फॉर्मला रीकॅप्चा लावा. तो `zapiermail` चा पत्ताही वेबसाइटवर कुठं दिसू देऊ नका. ज्याच्या हाती तो लागेल त्याला तुमचा फोन वाजवता येतो.

उद्यमनगर_वाइंडिंग

वजा चिन्हच सुटलं होतं, आता दोन्ही मिस्त्रींना जातंय. रीकॅप्चा लावला. बॅटरीचं सेटिंग केलंय, रात्री तासभर फोन बाजूला ठेवून टेस्ट घेतो.

एक राहिलंच: आज एका शेतकऱ्यानं सांगितलं की फॉर्म भरला, पण जीमेललाही नाही आणि झॅपच्या हिस्ट्रीतही नाही.

तार_जोडणी

दोन्हीकडं नाही म्हणजे मेल वेबसाइटवरूनच निघाला नाही. बटण दाबल्यावर खाली येणाऱ्या संदेशाची चौकट कोणत्या रंगाची होती ते त्यांना विचारा. पिवळी असेल तर एखादा रकाना चुकला, बहुतेक नंबर दहा आकडी नव्हता. केशरी असेल तर स्पॅम समजून अडवला, आज लावलेला रीकॅप्चाच नडला असेल. लाल असेल तर सर्व्हरनं मेल पाठवलाच नाही. मग `From` मध्ये तुमच्याच डोमेनचा पत्ता आहे का ते बघा आणि एसएमटीपीचं प्लगइन लावा. हिरवी होती असं म्हणाले तर इथं लिहा, मग होस्टिंगवाल्याकडून मेलचा लॉग मागवावा लागेल.

उद्यमनगर_वाइंडिंग

त्यांना रंग आठवत नाही. उद्या त्यांच्याच फोनवरून पुन्हा भरायला सांगतो आणि स्क्रीनशॉट मागवतो.