अनोळखी कंपनीला पहिला ईमेल लिहितोय, मजकूर बघून सांगाल का?

उंबरठा
नमस्कार मंडळी. साठा नियोजन हे माझं काम. १४ वर्षं नोकरी केली, आता स्वतंत्र सल्लागार आहे. आतापर्यंतची तिन्ही कामं ओळखीतून मिळाली. अनोळखी कंपनीला लिहायची ही पहिलीच वेळ, आणि चार दिवस झाले तरी ईमेल मनासारखा होत नाहीये.

कंपनी पाणी शुद्ध करणारी यंत्रं, त्यांचे बदली फिल्टर वगैरे स्वतःच्या साईटवरून विकते. मी सहा आठवडे दर सोमवारी त्यांच्या ४० वस्तू बघून नोंद ठेवली. यंत्रं कायम उपलब्ध होती. ९ वस्तूंवर मात्र 'सध्या उपलब्ध नाही' असं पुन्हा पुन्हा दिसलं आणि त्यांतले ७ बदली फिल्टर होते. म्हणजे ज्याने यंत्र आधीच घेतलंय, त्यालाच फिल्टर मिळत नाही. तो दुसऱ्या कुणाचा फिल्टर बसवून बघणार आणि पुढे तिकडेच जाणार. मला हे खरंच सतावतंय, कारण हे दुरुस्त होण्यासारखं आहे.

माझा मसुदा असा:

"माननीय महोदय, मी साठा नियोजन क्षेत्रातील १४ वर्षांचा अनुभव असलेला सल्लागार आहे. साठ्यात अडकलेले भांडवल मोकळे करण्यासाठी मी कंपन्यांना मदत करतो. मागणीचा अंदाज चुकत असल्यामुळे आपले फिल्टर वारंवार संपतात, असे माझ्या निदर्शनास आले आहे. माझ्या पद्धतीने हे टाळता येईल. माहितीपत्रक सोबत जोडले आहे. या आठवड्यात ४५ मिनिटे चर्चेसाठी देऊ शकाल का?"

काय बदलू? आणि पाठवू कुणाला? साईटवर फक्त चौकशीचा पत्ता आहे.

पाऊलखूण
फार लांब आहे. तीन ओळींच्या वर कुणी वाचत नाही. तीन ओळी लिहा, असाच ईमेल आणखी दोनशे कंपन्यांना पाठवा आणि उत्तर येईपर्यंत दर दोन दिवसांनी आठवण करा. दोनशेत चार तरी उत्तरं येतील.

मीनाक्षी_द
मी गेल्या महिन्यात नोकरीसाठी असंच पत्र लिहिलं होतं. त्यात आधीच्या कंपनीतली कामं तारखांसकट दिली होती, त्याचा उपयोग झाला. तुम्हीही अनुभव सविस्तर लिहा, १४ वर्षं थोडी नाहीत.

उंबरठा
मीनाक्षीताई, धन्यवाद. पण मी नोकरी मागत नाहीये. त्यांनी जागा काढलेली नाही, माझी वाट कुणी बघत नाहीये. अडचण तीच आहे.

जुना_वही
उंबरठा, तुमच्याकडे सोनं आहे आणि तुम्ही ते तिसऱ्या वाक्यात पुरून ठेवलंय. सहा आठवड्यांच्या नोंदी हाच तुमचा ईमेल. मसुद्यात त्या नोंदीतला एकही आकडा नाही. 'वारंवार संपतात' हे कुणीही कुणालाही लिहील. '४० पैकी ९, त्यांतले ७ फिल्टर' हे फक्त त्यांची साईट बघत बसलेला माणूसच लिहू शकतो.

आता जास्त महत्त्वाचं. 'मागणीचा अंदाज चुकतो' हे तुम्हाला कुठून कळलं? तुम्ही लक्षण पाहिलंत आणि निदान लिहून मोकळे झालात. माल गोदामात असेल आणि साईटवरचा आकडा अद्ययावत होत नसेल. पुरवठादार अडकला असेल. ते फिल्टर बंद करून नवा प्रकार आणायचा विचार असेल. बाहेरून या सगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात. निदान चुकलं तर वाचणारा मनात म्हणतो, 'याला काही माहीत नाही', आणि ईमेल बंद करतो. बरोबर निघालं तरी अनोळखी माणसाने चूक दाखवली म्हणून तो दुखावतो. म्हणून दिसलं तेवढंच लिहा आणि कारण त्यालाच विचारा.

४५ मिनिटं मागू नका. उभ्या उभ्या एका ओळीत उत्तर देता येईल असा प्रश्न ठेवा. माहितीपत्रक काढा, अनोळखी माणसाची जोडलेली फाईल कोण उघडतो? अनुभव शेवटी एका वाक्यात पुरे.

चौकशीच्या पत्त्यावर गेलेला ईमेल ग्राहकसेवेत अडकेल. पुरवठा किंवा कामकाज कोण बघतं ते शोधा आणि त्या माणसाला नावाने लिहा. मालकापेक्षा तोच बरा. फिल्टर संपल्याचा फोन त्यालाच येतो.

पाऊलखूण
पण एका कंपनीवर सहा आठवडे? मग वर्षात आठ-नऊच ईमेल होतील.

जुना_वही
ईमेल थोडक्यात हवा हे तुमचं बरोबर आहे. पण दोनशे कंपन्यांना खरा ठरेल असा मजकूर कुणा एकीच्या अडचणीबद्दल नसतो. आणि नोंद ठेवायला सोमवारी अर्धा तास लागतो, एका वेळी पाच-सहा कंपन्या बघता येतात. आठवण मी एकदाच करतो, आठवड्याभराने, तीही काही नवं दिसलं असेल तर.

कोरा_कागद
मी अशा कंपनीत खरेदी बघते, म्हणून दुसरी बाजू सांगते. असे ईमेल रोज येतात. 'आपल्या निदर्शनास आणू इच्छितो' वाचलं की मी पुढे जात नाही. आमच्या ग्राहकांच्या तक्रारी उचलून आम्हालाच पाठवणारेही असतात, त्याचा फार राग येतो. त्या आम्हाला माहीत असतात हो. पण आमची यंत्रं कायम असतात आणि फिल्टरच नसतात, हे एका जागी मांडलेलं मी कधी पाहिलेलं नाही. तेवढ्यासाठी मी थांबले असते.

उंबरठा
दोघांचे मनापासून आभार. पुन्हा लिहिलं. विषयाच्या ओळीत फक्त 'साईटवर नसलेले ७ बदली फिल्टर'.

"नमस्कार. गेले सहा आठवडे दर सोमवारी मी तुमच्या साईटवरच्या ४० वस्तू बघत होतो. यंत्रं प्रत्येक वेळी उपलब्ध होती. ९ वस्तू तीन किंवा जास्त सोमवारी नव्हत्या, त्यांतले ७ बदली फिल्टर आहेत. त्यांची नावं खाली दिली आहेत. कारण बाहेरून कळत नाही, म्हणून विचारतो: हे फिल्टर पुरवठादाराकडूनच उशिरा येतात, की गोदामात असून साईटवर दिसत नाहीत? मी साठा नियोजनाचं काम करतो. पहिलं कारण असेल तर माझा उपयोग होऊ शकेल, दुसरं असेल तर ते तुमची साईट बघणाऱ्यांचं काम आहे."

कोरा_कागद
शेवटचं वाक्य अजिबात काढू नका. स्वतःचा उपयोग कुठे नाही हे सांगणारा ईमेल मला आजवर आलेला नाही.

पाऊलखूण
सातही नावं फुकट देऊन टाकलीत. ते स्वतःच सोडवतील.

जुना_वही
सोडवतील कदाचित. यादी दिली नाही तर तुम्ही खरंच पाहिलंत यावर विश्वास कसा बसावा? यावर माझं आणि बऱ्याच जणांचं कधी एकमत झालेलं नाही.

उंबरठा (बारा दिवसांनी)
उत्तर आलं! पुरवठा बघणाऱ्या बाईंनी एका ओळीत लिहिलंय: 'दोन्ही नाही. माल वेळेवर येतो, पण डीलरांच्या ऑर्डरी आधी भरतो, साईटसाठी उरत नाही.'

मूळ मसुदा गेला असता तर मी अंदाज चुकतो म्हणून सांगत बसलो असतो. आता प्रस्ताव पाठवू का?

जुना_वही
अजून नको. डीलर मागतात तेवढं खरंच विकतात, की फिल्टर संपतील या भीतीने जास्त मागवून ठेवतात, एवढंच विचारा. बाईंना ते माहीत नसेल, तर तिथे तुमचं काम आहे.

कोरा_कागद
हे मात्र फोनवर विचारा. आमच्याकडे डीलरांबद्दल कुणी लेखी बोलत नाही.