मदत हवी आहे: कोटेशनमध्ये दर चुकीचा टाइप झाला आणि पीओ आला. आता माघार घेता येते का?

शिरोलीचा_फॅब्रिकेटर

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन वर्कशॉप आहे. वडील, मी आणि सात कामगार. दूध साठवायच्या एसएस ३०४ च्या इन्सुलेटेड टाक्या करतो. एका दूध प्रक्रिया कंपनीने एक हजार लिटरच्या १२ टाक्यांसाठी कोटेशन मागितलं होतं. दर ठरला होता ८६,४०० रुपये प्रतिनग. पुतण्याने टाइप करताना आकडे उलटे पडले आणि ६८,४०० गेले. बेरीज एक्सेल आपोआप करतं, त्यामुळे एकूण रक्कमही ८,२०,८०० अशी बिनचूक जुळली आणि कुणाला काही खटकलं नाही. पीडीएफवर सही माझीच आहे.

सहाव्या दिवशी पीओ आला. शीटची ऑर्डर द्यायला बसलो तेव्हा हिशेब लागेना, म्हणून कोटेशन उघडलं आणि पोटात गोळा आला. एकूण फरक २,१६,००० रुपयांचा आहे. एक टाकी करायला आम्हाला साधारण ७४,००० खर्च येतो.

पीओ येऊन आज चार दिवस झाले. समोरच्यांना अजून काही कळवलेलं नाही. वडिलांना रात्री झोप लागत नाही. कायद्याने माघार घेता येते का, एवढं कुणी सांगेल का?

सातपूर_ट्रेडर्स

घाबरू नका दादा. कोटेशनच्या खाली 'चूकभूल द्यावी घ्यावी' असतंच. त्याचा अर्थच असा की टायपिंगची चूक नंतर दुरुस्त करता येते. आणि चुकीवर उभा असलेला करार रद्दबातल, असं कराराच्या कायद्यात कलम २० मध्ये स्पष्ट आहे. एक मेल टाका, विषय संपला.

ॲड_मिरजकर

सातपूरवाल्यांचं कलम बरोबर आहे, पण ते इथे लागत नाही. कलम २० दोन्ही पक्षांची मिळून एकच चूक झाली असेल तेव्हाचं आहे. म्हणजे दोघंही एखादी वस्तू आहे असं धरून सौदा करतात आणि ती वस्तू आधीच नष्ट झालेली असते, अशी परिस्थिती. इथे चूक एकट्या विक्रेत्याची आहे आणि त्यासाठी कलम २२ आहे. एकाच बाजूची चूक झाली एवढ्यावरून करार मोडता येत नाही, असं ते सांगतं. 'चूकभूल द्यावी घ्यावी' ही ओळ बिलातल्या बेरजेच्या चुकीला उपयोगी पडते. समोरच्याने मान्य केलेला दर ती एकटी बदलू शकत नाही.

तरी शिरोलीकर, इतक्यात निराश होऊ नका. मला तीन गोष्टी सांगा. पीओवरच्या अटी तुमच्या कोटेशनशी तंतोतंत जुळतात का? पीओ मिळाल्यावर तुम्ही काही उत्तर दिलं होतं का? आणि कोटेशनची पीडीएफ ज्या मेलने गेली, त्या मेलमध्ये काय लिहिलं होतं? शक्य असेल तर शब्दच्या शब्द द्या.

जामखेडची_ठेकेदार

आमच्याही बाबतीत असंच झालं. नगरपालिकेच्या टेंडरमध्ये खोदाईचा दर ब्रासऐवजी घनमीटरचा समजून भरला. निविदा उघडल्यावर पत्र दिलं, हात जोडले, कुणी ऐकलं नाही. बयाणा रक्कम गेली ती गेलीच. म्हणून सांगते, भाऊ, माघार घेऊ नका. मुकाट काम करा, नाहीतर काळ्या यादीत जाल.

ॲड_मिरजकर

ताई, तुमचं नुकसान खरं आहे, पण टेंडरचं गणित वेगळं असतं. तिथे बोली मागे घ्यायची नाही ही अट आधीच मान्य केलेली असते आणि त्यासाठीच बयाणा ठेवलेला असतो. शिवाय एकाची चूक दुरुस्त करू दिली तर बाकीच्या बोलीदारांवर अन्याय होतो. पश्चिम बंगाल वीज मंडळ विरुद्ध पटेल इंजिनिअरिंग या २००१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच विचाराने दरातल्या चुका दुरुस्त करू दिल्या नाहीत. शिरोलीकरांचा व्यवहार दोन खासगी पक्षांमधला आहे, बयाणा नाही, इतर बोलीदार नाहीत.

परचेसवाली

मी समोरच्या बाजूला बसते, एका कंपनीच्या खरेदी विभागात. आमच्याकडे तीन कोटेशन्स आली की तुलनेचा तक्ता होतो. एखादा दर निम्म्यावर आला तर आम्ही फोन करतोच, कारण नंतर माल अडकला तर आमचीच मान अडकते. पण वीस टक्के कमी दर दर महिन्याला दिसतो. कुणाकडे शीट पडून असते, कुणाला काम हवं असतं. त्यामुळे '६८,४०० पाहताच त्यांना कळायला हवं होतं' असं म्हणाल तर मला तरी ते पटणार नाही. आकडा ६,८४० असता तर गोष्ट वेगळी होती.

शिरोलीचा_फॅब्रिकेटर

वकीलसाहेब, सगळं शोधून काढलं.

आमच्या कोटेशनमध्ये पन्नास टक्के ॲडव्हान्स आणि बाकी रक्कम माल निघण्याआधी, असं आहे. पीओवर 'डिलिव्हरीनंतर ४५ दिवसांनी पेमेंट' छापलंय, ॲडव्हान्सचा उल्लेखच नाही. हे माझ्या आज लक्षात आलं.

पीओ आला त्या संध्याकाळी मी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'पीओ मिळाला, धन्यवाद, कामाला लागतो.'

मेल मी स्वतः लिहिला होता, पुतण्याने फक्त पीडीएफ जोडली. त्यात असं आहे: 'शीटचे भाव वाढल्यामुळे मागच्या खेपेपेक्षा प्रतिनग फक्त २,४०० रुपये वाढवले आहेत, सोबत कोटेशन.' मागच्या वर्षी याच कंपनीला याच मापाच्या चार टाक्या ८४,००० ने दिल्या होत्या. बिलं आहेत.

ॲड_मिरजकर

हा मेल तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे. जपून ठेवा.

परचेसवाली ताई म्हणतात ते मला मान्य आहे. नुसता ६८,४०० हा आकडा चूक म्हणून ओरडत नाही. पण इथे खरेदीदाराच्या हातात दोन कागद आहेत. एक म्हणतो दर वाढवला, दुसऱ्यात दर १५,६०० ने उतरलेला. मागचं ८४,००० चं बिल त्यांच्याच फाइलमध्ये आहे. त्यात २,४०० मिळवले की ८६,४०० होतात, आणि तोच आकडा उलटून ६८,४०० झालाय. समोरच्याला चूक दिसत होती, किंवा दिसायलाच हवी होती, आणि तरी त्याने ती झडप घालून पकडली, असं दाखवता आलं तर चित्र बदलतं.

याचं जुनं उदाहरण १९३९ चं लंडनचं आहे, हार्टॉग विरुद्ध कॉलिन अँड शील्ड्स. अर्जेंटिनातल्या सशांची ३०,००० कातडी विकायची होती. धंद्याची रीत नगावर दर लावायची, आधीची बोलणीही नगावरच झाली होती, पण लेखी प्रस्तावात दर पौंडावर पडला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, म्हणजे भाव एक तृतीयांशावर आला. खरेदीदार करार धरून बसला, पण कोर्ट म्हणालं की ही चूक आहे हे तुम्हाला कळलंच असणार. तो दावा हरला. लक्षात घ्या, तिथेही आकड्यापेक्षा आधीच्या बोलण्यानेच निकाल फिरवला.

आपल्या कलम २२ मध्ये हा अपवाद शब्दांत लिहिलेला नाही. युक्तिवाद कलम १३ वर उभा करावा लागतो, की दोघांची संमती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने नव्हती. इंग्लंडचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही, त्याचा आधार घेता येतो इतकंच. त्यामुळे खात्री देत नाही.

दुसरा रस्ता पेमेंटच्या अटीचा. कलम ७ प्रमाणे स्वीकृती विनाअट असावी लागते. त्यांनी ॲडव्हान्स उडवून ४५ दिवस घातले, म्हणजे तुमचा प्रस्ताव स्वीकारला नाही, स्वतःचा नवा प्रस्ताव ठेवला. तो तुम्ही स्वीकारेपर्यंत करार होत नाही आणि तोवर नाही म्हणायला तुम्ही मोकळे. अडचण तुमच्या त्या व्हॉट्सॲपची आहे. 'कामाला लागतो' म्हणजे त्यांच्या अटी मान्य केल्या, असा अर्थ ते लावणार.

निवृत्त_स्टोअर्स_ऑफिसर

इथे मी थोडा वेगळं म्हणेन. पस्तीस वर्षं पीओ पाहिलेत. आमच्याकडे विक्रेत्याने सही-शिक्क्यासह ऑर्डर ॲक्सेप्टन्स परत पाठवल्याशिवाय ऑर्डर पक्की धरत नसत. पीओच्या मागच्या पानावर तशी अट छापलेली असते बघा. असेल तर व्हॉट्सॲपचा एक शब्द पुरणार नाही.

ॲड_मिरजकर

काका, मुद्दा चांगला आहे. तशी अट असेल तर शिरोलीकरांचं पारडं जड होतं. पण नसेल तर व्हॉट्सॲपलाही कोर्ट पुरावा मानतं. शिरोलीकर, मागचं पान वाचा आणि कळवा.

परचेसवाली

एक व्यवहाराची गोष्ट विचारू का? समजा तुम्ही माघार घेतली आणि करार झालाच होता असं ठरलं, तर कंपनी टाक्या दुसरीकडून घेईल आणि फरक तुमच्याकडे मागेल ना? मग किती बसेल?

ॲड_मिरजकर

अगदी हाच हिशेब आधी करायला हवा. कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाई म्हणजे बाजारभाव आणि करारातला दर यांतला फरक. त्यांनाही वाजवी भावातच खरेदी करावी लागते, वाटेल तो भाव देऊन बिल तुमच्यावर फाडता येत नाही. बाजारात टाकी ८५,००० ला मिळत असेल तर नगामागे १६,६००, बारा टाक्यांचे १,९९,२००.

आता दुसरी बाजू पाहा. ६८,४०० ने माल दिलाच तर खिशातून जाणारे नगामागे ५,६००, एकूण ६७,२००. २,१६,००० हा न मिळालेल्या पैशांचा आकडा आहे, खिशातून जाणाऱ्या पैशांचा नाही. म्हणजे हट्टाने माघार घेऊन हरलात, तर माल देऊन जेवढं गेलं असतं त्याच्या जवळपास तिप्पट जाईल. म्हणून भांडणाआधी बोलणी करा.

आजच मेल पाठवा, फोनवर विसंबू नका. मेलमध्ये तीन गोष्टी असू द्या: चूक कशी झाली, तुमच्या स्वतःच्या मेलमधलं ते वाक्य आणि मागच्या वर्षीचं बिल. पीओ मान्य नाही आणि ८६,४०० ने नवं कोटेशन देतो, हे स्पष्ट लिहा. शीट कापू नका, त्यांनी पैसे पाठवले तर घेऊ नका, प्रोफॉर्मा पाठवू नका. जितके दिवस गप्प राहाल, तितकं ते म्हणतील की आम्ही तुमच्या भरवशावर पुढची कामं ठरवली.

शिरोलीचा_फॅब्रिकेटर

मेल दुपारीच पाठवला. पीओच्या मागच्या पानावर ॲक्सेप्टन्सची अट आहे: 'सात दिवसांत लेखी स्वीकृती न मिळाल्यास ऑर्डर मान्य समजली जाईल.' आज चौथा दिवस होता, म्हणून जीवात जीव आला. पण ही ओळ माझ्या बाजूची की त्यांच्या?

निवृत्त_स्टोअर्स_ऑफिसर

आजच्या मेलने सात दिवसांच्या आत नकार गेला, हे फार बरं झालं.

ॲड_मिरजकर

तुमच्या बाजूची जास्त. गप्प राहणं म्हणजे मान्यता, अशी अट एकतर्फी लादता येत नाही. शिवाय आता तुम्ही गप्प नाही. त्यांनीच लेखी स्वीकृती मागितलीय, तेव्हा व्हॉट्सॲपला ती लेखी स्वीकृती मानायची का, हा वाद मात्र उरतोच. त्यावर मी ठाम बोलणार नाही.

शिरोलीचा_फॅब्रिकेटर

संध्याकाळी त्यांच्या खरेदी प्रमुखांचा फोन आला. म्हणाले, 'मेलमधली ओळ आम्ही वाचलीच नव्हती, फक्त पीडीएफ तक्त्यात घेतली.' खरं असेलही. सोमवारी भेटायला बोलावलंय. वडील म्हणतात, जुनं गिऱ्हाईक आहे, नफा सोडू पण ७४,००० च्या खाली जायचं नाही. मी ८०,००० पासून सुरुवात करणार आहे.

ॲड_मिरजकर

जो आकडा ठरेल त्यावर जुना पीओ रद्द केल्याचं पत्र आणि नव्या नंबरचा पीओ घ्या. जुन्याच पीओवर पेनाने दर खोडून सही करू नका. दोन दर असलेला कागद फाइलमध्ये राहिला की वर्षभराने नवा माणूस खुर्चीवर येतो आणि बिल ६८,४०० ने पास करतो. पेमेंटची अटही त्याच वेळी पक्की करा, ती अजून लटकलेलीच आहे.