सप्तमातला शनी आणि लग्नाला उशीर

मैत्रिणीचा प्रश्न: "जन्म ऑगस्ट १९९९चा दुसरा आठवडा, दुपारी एकच्या सुमारास. तूळ लग्न, सप्तमात शनी, म्हणून लग्नाला उशीर, असं गुरुजींनी सांगितलंय. आई धास्तावलीय, माझी झोप उडालीय. खरंच असं असतं का?"

वृंदा: आधी ते 'सुमारास' काढून टाक. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. त्या आठवड्यात दुपारी एकनंतर थोड्याच वेळात तूळ संपून वृश्चिक लागतं. नेमकं मिनिट जन्मगावावर ठरतं. वृश्चिक निघालं तर शनी षष्ठात जातो आणि तिथून सप्तमावर त्याची दृष्टीही नाही. प्रसूतीचे कागद, डिस्चार्ज कार्ड शोध. त्यावर वेळ असते.
तूळच निघालं, तरी मेषेतला शनी नीच एवढंच बघून भागत नाही. तूळ लग्नाला तोच योगकारक, सप्तमात दिग्बली, शेजारी गुरू. शिवाय सप्तमेश मंगळ लग्नात बसून स्वतःच्याच घराकडे बघतोय.

दत्ताकाका: नीच शनी सप्तमात म्हणजे तिशीच्या आत नाही, लिहून ठेवा. वर लग्नी मंगळ!

वृंदा: काका, मंगळाचं कबूल. पण तीस कुठून आणलेत? काळ दशेवरून काढतात, आणि दशा चंद्रनक्षत्रावरून. ते तर हिने दिलेलंच नाही.

शलाका: साडेसाती संपली की जमेल. रास कोणती तुझी?

वृंदा: साडेसाती चंद्रराशीवरून, गोचराची. इथे विषय जन्मलग्नाचा आहे, शलाका.

मिलिंद: सगळेच योग मोजून बघा ना. शनीची दृष्टी तिसरी, सातवी, दहावी. म्हणजे तो १, ५, ७, १० यांपैकी कुठेही असला की सप्तमाशी संबंध आलाच. बारापैकी चार स्थानं, ढोबळ मानाने दर तिसरी पत्रिका. मंगळाची १, ४, ७, ८, १२, म्हणजे पाच. दोन्हींतून सुटायची शक्यता ८/१२ गुणिले ७/१२, जेमतेम ३९ टक्के. उरलेल्या सगळ्यांना उशीर सांगता येतो, आणि मुलगी सत्ताविशीची असली की तो आधीच खरा वाटतो. अजून शुक्र आणि सप्तमेश धरलेलेच नाहीत.

वृंदा: गणित मान्य. म्हणूनच एका योगावर कोणी फलित सांगू नये.

मिलिंद: आणि चार योग एकत्र केले की फलित खरं ठरतं, हे कोणी तपासलंय?

दत्ताकाका: अनुभव असतो हो.

मिलिंद: मग गुरुजींकडून कागदावर घ्या: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत योग नाही. तेही शांतीची यादी हातात पडायच्या आधी.

वृंदा: हे मात्र कर. आणि दशेचा काळ न सांगता कोणी थेट शांतीचा खर्च सांगू लागलं, तर तिथून ऊठ.