यी चिंगमध्ये ५१ आलं, दुसरी ओळ बदलती: जायचं की थांबायचं?

समीर_क: तिने परवा अचानक साखरपुडा मोडला. त्याच रात्री यी चिंग, म्हणजे तो चिनी शकुनग्रंथ, उघडला आणि सहा ओळींच्या आकृतीसाठी तीन नाणी सहा वेळा टाकली. ५१ वी आकृती आली, गडगडाटावर गडगडाट, दुसऱ्या ओळीत ६, म्हणजे बदलती ओळ. 'सात दिवसांनी परत मिळेल' असं लिहिलंय. मग आठव्या दिवशी तिच्या घरी जाऊ ना?

माधवी: अहो, अर्धंच वाक्य वाचलंत! त्याच ओळीत आधी 'पाठलाग करू नकोस' आहे. ऐवज जातो, माणूस नऊ टेकड्या चढून बसतो, मागे धावत नाही. ऐवज म्हणजे ती मुलगी, हे तुम्ही घुसडलंत. सातचं म्हणाल तर सहा ओळी संपल्या की फेरा मूळ जागी येतो, म्हणून सात. कॅलेंडरवर खुणा करू नका. ओळ बदलली की ५४, आणि तिथे 'पुढे गेल्यास अनिष्ट'.

खडूस_काका: ५१ म्हणजे धक्का, धक्का म्हणजे नातं संपलं. एवढं पाल्हाळ कशाला? आणि नाणी टाकणं हाच पोरखेळ. नाण्यांनी बदलत्या ओळी भरमसाट पडतात, जुन्या रीतीच्या काड्यांनी नाही.

माधवी: संपलं कुठून? मूळ वचनात शंभर ली अंतरापर्यंत धडकी भरते, तरी यज्ञाची पळी हातून पडत नाही, आणि धास्तीमागून हसणंही येतं.

वाचक२: काका, हिशेब करा. बदलत्या ओळी म्हणजे ६ आणि ९; ७ आणि ८ स्थिर. ६ नाण्यांनी आठात एकदा, काड्यांनी सोळात एकदा. ९ नाण्यांनी आठात एकदा, काड्यांनी सोळात तीनदा. बेरीज दोन्हीकडे चारात एक.

खडूस_काका: बरं बाबा, बेरीज तुझी. पण समीरचा ६ नाण्यांनी दुप्पट स्वस्त झाला की नाही?

वाचक२: झाला. म्हणून ४९ काड्यांच्या अठरा वाटण्या करायच्या, तेही साखरपुडा मोडलेल्या रात्री? एक काडी चुकली की ओळ गेली.

अश्विनी: मला ५१ ची सहावी ओळ आलीय, पण भांडण शेजारच्यांचं झालंय. हे कसं लावायचं?

माधवी: समीर, आकडे फेकींच्या क्रमाने टाका.

समीर_क: ८, ८, ७, ८, ६, ७. पहिली फेक वर लिहिली, मग खाली खाली.

माधवी: झालं! पहिली फेक तळाशी जाते. तुमचं ५१ उलटं धरलेलं ५२ आहे, डोंगरावर डोंगर, आणि ६ पाचव्या ओळीत: जबडा आवर, बोलणं क्रमाने ठेव, पश्चात्ताप जाईल. बदलून येतं ५३, मुलीचं सासरी जाणं, शुभ, पण पायरीपायरीने.

खडूस_काका: वा! वही फिरवली की अनिष्टाचं शुभ. सोयीचं शास्त्र.

वाचक२: त्याची मांडणीची रीतच वरून खाली असेल तर? टाकण्याआधी ठरवलेली रीत खरी.

माधवी: आधी ठरवली असेल तर मान्य. समीर, ठरवली होती का?

समीर_क: काहीच ठरवलं नव्हतं.

माधवी: मग मी ५२ च वाचीन. दोन्हीकडे आठव्या दिवशी दार ठोठावणं बसत नाही.

अश्विनी: माझ्या सहाव्या ओळीचं कोणी बघणार का?

वाचक२: शेजाऱ्यापर्यंतच पोचलंय तर दोष नाही, पण मधे पडलात तर अनिष्ट. सोयरिकीवरून बोलणी ऐकावी लागतील, तेही त्याच ओळीत आहे.